पुढचा शुक्रवार

हीट ट्रीटमेंटहून आलेला डाय-इन्सर्ट नवनाथने तेलकट कापडातून सोडवला आणि खिडकीजवळ नेऊन तिरका धरला. मग तो विजयश्रीच्या टेबलावर ठेवला. भोकापासून कडेपर्यंत केसाएवढी रेघ गेलेली होती. तिने नख फिरवलं. नख अडकलं.

"गेला," नवनाथ म्हणाला.

तळवड्यातल्या या गाळ्यात मंगळवारी सकाळी दुसरं काही बोलण्यासारखं राहिलं नाही. चाकणच्या कंपनीला शुक्रवारी दोन डाय, म्हणजे पत्रा घडवायचे पोलादी साचे, द्यायच्या होत्या. एक पत्र्याचा तुकडा कापणारी, दुसरी तो वाकवून ब्रॅकेट करणारी. वाकवणारी तयार होती. कापणारीचं काळीज म्हणजे हा इन्सर्ट.

"हीट ट्रीटमेंटवाल्यानं भट्टी जास्त तापवली म्हणा," नवनाथ म्हणाला. "सगळे तेच म्हणतात. त्यांनाबी सवय झालीय."

"त्याने तापवली का?"

नवनाथने इन्सर्ट उलटा करून पाहिला.

ती उठून मागच्या रॅककडे गेली. तिच्या वडिलांचा, आप्पांचा रॅक. पोलादाच्या प्रत्येक बारच्या एका टोकाला रंगाचा पट्टा: डी-टूला पिवळा, ओएचएनएसला हिरवा. दोन्ही पोलादं कापल्यावर जुळी दिसतात, पण डी-टूला हजार अंशांच्या वर तापवावं लागतं आणि ओएचएनएस तेवढ्या आचेत तडकतं. म्हणून आप्पांचा एकच नियम होता, बार नेहमी बिनरंगाच्या टोकाकडून कापायचा. रंग शेवटपर्यंत राहिला पाहिजे. नवीन आलेल्या माणसाला चहाच्या आधी ते हे सांगत.

पिवळ्या कप्प्यात इन्सर्टच्या बारचा उरलेला तुकडा होता. दोन्ही टोकं कोरी.

तो तिने ग्राइंडरला लावला. डी-टूच्या ठिणग्या आखूड, लालसर आणि मोजक्या असतात. या लांब उडाल्या आणि टोकाला फुलासारख्या फुटल्या, ओएचएनएसच्या. शाळेत असताना आप्पांनी तिला हे दाखवलं होतं, तेव्हा तिला ती दिवाळी वाटली होती. तिने ग्राइंडर बंद केला.

"हा कापला कुणी?"

नवनाथने हातातलं कापड घडी केलं, परत उलगडलं. "आप्पांनीच, ताई. दवाखान्यातून आल्यावर आठवडाभर येत होते ना, बँडसॉजवळ खुर्ची टाकून. मी बघितलं, हिरव्या टोकाकडनं लावलाय. बोललो नाही. इतक्या दिवसांनी मशीनला हात लावला होता त्यांनी. म्हटलं, नंतर रंग मारून ठेवू." तो थांबला. "मग ते गेले, अन् माझ्या डोक्यातनंच गेलं. कोरा तुकडा पिवळ्या कप्प्यात कधी गेला, तेबी कळलं नाही."

त्याला दीड महिना झाला होता. खुर्ची अजून बँडसॉजवळच होती.

"किती दिवस लागतील?" तिने विचारलं.

"नवा बार आजच आणू. मिलिंग, मग भट्टी, ग्राइंडिंग, वायरकट, जुळवणी, ट्रायल. ओढून ताणून पुढचा शुक्रवार. पण ताई, तुम्ही सोमवार मागा. सोमवारी म्हणायचं बुधवार. बुधवारी म्हणायचं गाडी निघालीय. इथं सगळे असंच करतात, अन् साहेबबी धरूनच चालतात."

"आणि ते सोमवारच्या भरवशावर काही ठरवून बसले असतील तर?"

"मग आप्पांचं सांगा. घरात असं झालं म्हटल्यावर कोण काय बोलणार?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. नवनाथने मान खाली घातली.

मेल लिहायला तिला वेळ लागला. एकदा 'तांत्रिक कारणांमुळे' लिहिलं आणि खोडलं. शेवटी उरलं ते एवढंच: कापणाऱ्या डायचा इन्सर्ट तडकला आहे. चूक आमच्या पोलादाच्या खुणेत झाली, हीट ट्रीटमेंटची नाही. या शुक्रवारी डाय देता येणार नाही. पुढच्या शुक्रवारपर्यंत मुदत द्यावी, त्याआधीची तारीख मी देऊ शकत नाही. वाकवणारी डाय उद्या पाठवू शकते. सोबत तड्याचा फोटो जोडला.

फोन लगेच आला. कंपनीच्या टूल डेव्हलपमेंटचे जयदीप काळोखे इतकंच म्हणाले, "मॅडम, इकडे या. तो तडकलेला इन्सर्ट घेऊन या."

चाकणच्या चौकात कंटेनर आडवा झाला होता. मांडीवर कापडात गुंडाळलेला इन्सर्ट घेऊन ती रिक्षात बसून राहिली. आप्पांना या कंपनीचं पहिलं काम मिळालं तेव्हाही त्यांनी नमुना असाच मांडीवर नेला होता. ही ऑर्डर हातची गेली तर गाळा चालेल, पण किती दिवस, ते तिला ठाऊक होतं.

काळोख्यांनी तडा भिंगाखाली पाहिला. ते जवळच्याच म्हाळुंगे गावातल्या जुन्या घरातले, बोलणं मात्र ऑफिसचं. रागावले की गावचं वर येई.

"सोमवारी कस्टमरची माणसं येतायत. त्यांना ब्रॅकेट गाडीवर बसवून दाखवायचाय. अन् तुम्ही आज सांगताय."

"आजच कळलं, सर."

"पुढचा शुक्रवार म्हणजे खरा किती? शुक्रवार म्हणणाऱ्यांचा मी रविवार धरतो."

"शुक्रवार म्हणजे शुक्रवार. म्हणूनच आधीची तारीख दिली नाही."

त्यांनी इन्सर्ट टेबलावर ठेवला. "खुणेत चूक म्हणजे काय? बबनरावांच्या, तुमच्या आप्पांच्या रॅकवर खुणेत चूक? अहो, आमच्या स्टोअरवाल्यांना मी तो रॅक बघायला पाठवलं होतं. नवनाथनं घोळ घातला असणार. त्याचं नाव घ्या, मला वर सांगायला बरं. नवा माणूस होता, काढून टाकला म्हणतो, विषय संपला."

विजयश्रीला वाटलं, इथे होय म्हणणं किती सोपं आहे. नवनाथही काही बोलला नसता.

"बार आप्पांनी कापला होता," ती म्हणाली. "रंगाच्या टोकाकडून. दवाखान्यातून आल्यावर. आणि कामाला लावण्याआधी तो तुकडा मी तपासला नाही. तपासायला हवा होता."

काळोख्यांनी इन्सर्ट पुन्हा हातात घेतला. खिडकीखाली फोर्कलिफ्ट मागे येताना पींपीं करत होती.

"आप्पांनी," ते म्हणाले. मग खुर्ची पुढे ओढली. "बरं. वाकवणारी डाय उद्या सकाळी इथं हवी. पत्र्याचे तुकडे मी लेझरवर कापून घेतो, तुमच्या डायवर वाकवतो. सोमवारी बसवून दाखवण्यापुरतं भागेल. मंजुरी मात्र खऱ्या डायच्या ब्रॅकेटवरच, तेव्हा पुढचा शुक्रवार सुटला तर मी काही करू शकणार नाही. लेझरचा खर्च तुमच्याकडं. पुढच्या बुधवारी माझा माणूस तुमच्याकडं येऊन बघून जाईल."

"येऊ दे."

"आणि पुढच्या टूलचं कोटेशन दिलंय ना तुम्ही, ते मी थांबवतोय. हे काम उतरल्यावर बघू." इन्सर्ट कापडात गुंडाळून त्यांनी परत दिला. "आज सांगितलंत म्हणून लेझर तरी सुचलं. गुरुवारी सांगितलं असतं तर न्हाई जमलं असतं."

ती परतली तेव्हा नवा बार आलेला होता. पिवळा पट्टा अजून ओला होता, नवनाथने आल्या आल्याच मारला असावा.

"काय म्हणाले?"

"पुढचा शुक्रवार. पुढचं कोटेशन थांबवलं."

"अन् कारण काय सांगितलं?"

"जे होतं तेच."

नवनाथने मान हलवली. बार उचलून त्याने बँडसॉवर ठेवला आणि हात काढून घेतले. मध्ये खुर्ची होती. विजयश्रीने ती उचलून ऑफिसात, आपल्या टेबलाशी नेऊन ठेवली. परत आली, बारचं कुठलं टोक पात्याकडे आहे ते वाकून पाहिलं, आणि मशीन चालू केलं.