उणे दोन

बाईंच्या हातचा शून्य हा शून्य नव्हताच कधी. वर्तुळ पुरं करून थांबायचं सोडून त्यांचं पेन वरच्या अंगाला इंग्रजी सहासारखं एक शेपूट काढायचं, घाईत तर हमखास. नवरा वाण्याच्या यादीवरून चेष्टा करायचा, "अहो, साबणाच्या दहा वड्या की सोळा? दुकानदाराची चंगळ होते तुमच्यामुळे." बाई हसायच्या आणि विसरून जायच्या. चाळीस वर्षं असंच लिहीत आलेल्या बाईला कोण काय शिकवणार?

बाई संध्याकाळच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायच्या. दिवसभर नोकरी करून आलेली, डोळे चोळत बसणारी मंडळी समोर. त्यांना दोन खेळाडूंचे डाव शिकवायचे म्हणजे जीव काढायचं काम. पण बाईंना त्यात गोडी होती. फळ्यावर चार घरांचं कोष्टक काढायचं, प्रत्येक घरात दोन आकडे, एक याचा फायदा, एक त्याचा. मग विचारायचं, "बोला, समोरचा काहीही करो, याला एकच डाव नेहमी जास्त देतो का? देत असेल तर ती डॉमिनंट स्ट्रॅटेजी. मग पुढे डोकं फोडायचं नाही. आणि तसा डाव कुणाकडेच नसेल, आणि कुठल्याही घरात दोघं सुखाने टिकत नसतील, तरच मिक्स्ड, म्हणजे कधी हा डाव, कधी तो. तरच शक्यता मोजायच्या."

हे त्या दरवर्षी सांगायच्या. हे मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण पुढे जे झालं ते हे ठाऊक नसलेल्या बाईच्या हातून झालं नाही.

त्या दिवशी बाई गेल्या वार्षिक परीक्षेचा पेपर फळ्यावर सोडवत होत्या. प्रश्न चौथा, पंधरा गुणांचा. एक कारखानदार, एक तपासनीस. कारखानदाराने सांडपाणी शुद्ध करायचं की तसंच सोडायचं, तपासनीसाने यायचं की नाही. छापील कागद बघत बघत त्यांनी आकडे उतरवले आणि सवयीने म्हणाल्या, "इथे डॉमिनंट काही नाही. तपासनीस पाचातून दोनदा येईल, कारखानदार निम्म्या वेळा शुद्ध करेल. लिहून घ्या."

मागच्या बाकावरची एक मुलगी, औषधांच्या दुकानात काम करणारी, चाचरत म्हणाली, "मॅडम, शुद्ध केलं तर त्याला दोन्हीकडे तीन. सोडून दिलं तर तपासनीस आला तरी सहा, नाही आला तरी पाच. मग तो शुद्ध करेलच कशाला?"

"सहा कुठला? सापडला तर शून्य आहे त्याला. डोळे उघडे ठेवा जरा!"

"पेपरात सहा आहे, मॅडम. फळ्यावर पण तुम्ही सहाच लिहिलाय."

बाईंनी वळून पाहिलं. सहा होता. कागदावर पाहिलं. तिथेही सहा, ठसठशीत छापलेला.  वर्गात कुणीतरी खुसखुसलं, त्यांना ते ऐकूही आलं नाही. त्यांनी "उद्या बघू" म्हणत वर्ग सोडला, पस्तीस वर्षांत पहिल्यांदा घंटेच्या आधी.

कारण त्यांना पाणीवाली आठवली होती.

पाणीवाली म्हणजे प्रदूषण तपासणीच्या कचेरीतली सहायक. तिशी ओलांडलेली, दिवसभर नाल्यांचे नमुने गोळा करून थेट वर्गात यायची, पिशवीत बाटल्या किणकिणायच्या. म्हणून वर्गाने ते नाव ठेवलं होतं. तिला पदवी हवी होती, कारण पदवीशिवाय तपासनीस होता येत नव्हतं, आणि जागा निघाल्या होत्या. त्या चौथ्या प्रश्नाखाली तिने काय लिहिलं होतं ते बाईंना आठवत होतं, कारण त्यांना त्याचा राग आला होता. कारखानदार नेहमी सोडून देईल. तो सोडून देणार हे ठाऊक असल्यावर तपासनीसाला आल्यावर तीन, न आल्यावर एक, म्हणून तो नेहमी येईल. मिक्स्ड समतोल नाही. आणि समासात: शक्यता काढली तर उणे दोन येते, शक्यता उणे असूच शकत नाही.

बाईंनी शून्य दिला होता. हा मात्र नीट गोल. शेजारी तांबड्या शाईत शेरा: "प्रश्न नीट वाचा."

एकशे चाळीस पेपर, उत्तरं पाठ, प्रश्नपत्रिका उघडायची गरजच काय? बाकीच्या मंडळींनी वर्गात सोडवलेलं तेच कोष्टक समजून पाचात दोन आणि निम्मे असं घोकलेलं उत्तर उतरवलं, आणि बाईंनी पैकीच्या पैकी गुण वाटले. छापलेला प्रश्न खरोखर सोडवला होता एकटीनेच. ती नऊ गुणांनी नापास झाली.

आणि ती विचारायला आली होती हो! हेच तर बाईंना खात होतं. निकालानंतर स्टाफरूमच्या दारात उभी राहून म्हणाली होती, "मॅडम, माझं चौथ्यात काय चुकलं? आमच्याकडे दंड इतका किरकोळ असतो की पकडलं तरी त्यांना परवडतं. मला ते कोष्टक अगदी आमच्या नाल्यासारखं वाटलं." बाईंनी चष्म्यावरून पाहिलं होतं. "अनुभव घरी ठेवून यायचा परीक्षेला. तुम्हाला डॉमिनंट दिसलं हाच मुळात घोळ आहे. असे प्रश्न मिक्स्डचे असतात, समजलं?" ती "हो मॅडम" म्हणाली होती. एका शब्दाने उलटून बोलली नाही.

त्या रात्री बाईंनी भरलेलं ताट बाजूला सारलं. नवऱ्याने विचारलं तेव्हा सगळं सांगून मोकळ्या झाल्या. तो नेहमीचा चेष्टेखोर माणूस, पण आज चेष्टा केली नाही. मग म्हणाला, "टंकणाऱ्याने चुकवलं म्हणा."

"टंकणाऱ्याने माझंच अक्षर वाचलं. आणि प्रूफावर सही माझी आहे."

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांपुढे कागद ठेवला. सर वयाने बाईंपेक्षा धाकटे, अंगावर काही न येऊ देण्यात पटाईत. त्यांनी कोष्टक पाहिलं, ओठ आवळले. "पुनर्तपासणीची मुदत कधीच गेली. कुणी तक्रार केलीय का? नाही ना. मग तुम्ही कशाला उकरून काढता? दोन वर्षांत निवृत्त होताय, सुखाने व्हा."

"मुदत विद्यार्थ्याच्या अर्जाला असते. पेपर काढणाऱ्याने स्वतःची चूक कळवायला मुदत नाही. नियम मी वाचून आलेय, सर. आयुष्यात एकदा तरी वाचला."

"चौकशी होईल तुमची."

"होऊ दे. व्हायलाच हवी."

सरांनी बराच वेळ पेन फिरवलं आणि शेवटी सही केली. कुणाचे गुण कमी करायचे नाहीत, पाणीवालीचे पंधरा वाढवायचे. तपासनीसाच्या जागेचे अर्ज शुक्रवारी बंद होणार होते. बुधवारी दुपारी सुधारित गुणपत्रिका बाईंच्या हातात पडली, आणि टपालावर भरवसा न ठेवता त्या स्वतः निघाल्या.

तपासणीची कचेरी म्हणजे एक लांबट खोली, भिंतीला बाटल्यांची फळी, प्रत्येक बाटलीला चिठ्ठी. पाणीवाली बाटलीतलं गढूळ पाणी नळीत ओतत होती. बाईंना पाहून गडबडली, हात पुसत स्टूल पुढे केलं. "मॅडम, तुम्ही? इथे?"

बाई बसल्या नाहीत. वाटेत जुळवलेलं भाषण कुठल्या कुठे गेलं. "तुमचं बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "चौथा प्रश्न. सगळंच्या सगळं बरोबर. माझा शून्य सहा छापला गेला, आणि मी न बघता तपासलं. वर तुम्हालाच बोलले. मला माफ करा असं म्हणायचं तोंडही नाही मला." आणि गुणपत्रिका पुढे धरली. "तुम्ही पास आहात. पहिल्याच वेळी होतात. परवापर्यंत अर्ज भरता येईल."

पाणीवालीने कागद वाचला. पुन्हा वाचला. आनंद तिच्या चेहऱ्यावर येता येता मध्येच कुठेतरी अडकला.

"मग उणे दोन बरोबर होतं?"

"बरोबर होतं. शक्यता उणे आली, याचा अर्थच तिथे मिक्स्ड नाही."

ती स्टुलावर बसली, बाईंसाठी पुढे केलेल्याच. "मॅडम, मी फेरपरीक्षा दिली होती. त्यातही नापास झाले."

बाईंना ते माहीत होतं. तो पेपरही त्यांनीच तपासला होता. दोन दुकानदार, भाव उतरवायचा की तसाच ठेवायचा. समोरच्याने उतरवला तर उतरवण्यात चार, ठेवण्यात एक; त्याने ठेवला तर उतरवण्यात सहा, ठेवण्यात पाच. छपाई स्वच्छ, आकडे बरोबर. त्यात दोघांनाही उतरवणंच डॉमिनंट होतं आणि हिने मिक्स्ड काढून निम्मे निम्मे लिहिलं होतं. तेव्हा बाई मनात म्हणाल्या होत्या, या बाईच्या डोक्यात प्रकाश पडायचा नाही. त्या शून्याबद्दल मात्र त्यांना आत्तापर्यंत काही वाटलं नव्हतं. तो शून्य रास्तच होता.

"त्यात मला डॉमिनंट दिसलं होतं," पाणीवाली म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती, तेच बाईंना सोसवेना. "बघितल्या बघितल्या दिसलं. भाव उतरवणं दोन्हीकडे जास्त. मी लिहिलं पण. मग तुमचं आठवलं, की मला डॉमिनंट दिसतं हाच घोळ आहे. म्हणून खोडलं. शक्यता काढली तर उणे अर्धा आला. म्हटलं, पुन्हा तेच, पुन्हा आपलंच चुकलं. मग वजाचं चिन्ह गाळून टाकलं."

बाईंना ते खोडलेलं आठवलं. पानभर ओळी, एका तिरक्या रेघेखाली. खोडलेलं वाचायचं नसतं म्हणून त्यांनी वाचलं नव्हतं.

"इथे पण तसंच व्हायला लागलंय," ती नळी उजेडात धरत म्हणाली. "नमुना सरळसरळ घाण असतो, दिसतं मला. पण मी तीनतीनदा तपासते, आणि मग साहेबांना विचारते, त्यांना काय वाटतं." तिने गुणपत्रिकेची घडी घातली आणि बाईंकडे पाहिलं. "अर्ज भरते मी, मॅडम. पण तपासनीस झाले तर कारखान्यात एकटीलाच जावं लागेल. तिथे कुणाला विचारू?"

बाईंना वाटलं म्हणावं, कुणालाही विचारू नका, तुम्हाला दिसतं ते खरं असतं. पण हेही तिने त्यांनीच सांगितलं म्हणून मानलं असतं.