वल्लरीच्या नावाची पावती

शनिवार पेठेतल्या त्या संस्थेच्या जिन्यावर तनुजा दुसऱ्यांदा चढत होती. कडेवर सव्वा वर्षाची वल्लरी, खांद्यावर लॅपटॉप, आणि डोक्यात एकच तारीख: बुधवार. बुधवारपर्यंत आयकर खात्याच्या नोटिशीला उत्तर गेलं नाही, तर वीस हजारांच्या देणगीवरची वजावट नामंजूर होणार. आणि रिफंड घटला, की त्यातून भरायची प्लेग्रुपची फी कुठून आणायची, हा प्रश्न.

चूक झाली होती वाढदिवसाला. लेकीच्या पहिल्या वाढदिवशी तिच्याच नावानं देणगी द्यायची, ही सासऱ्यांची हौस. पैसे तनुजाच्या खात्यातून गेले, नाव लागलं लेकीचं. पावतीचा कागद त्याच दिवशी वल्लरीनं चावून संपवला होता.

"पावतीची नक्कल आहे," कारकून आनंदराव वही उलटत म्हणाले. "कुमारी वल्लरी. पॅन नाही, म्हणून आयकर खात्याला पाठवायच्या देणगीदारांच्या विवरणपत्रात घातलंच नाही. त्यामुळे वजावटीसाठी लागणारं प्रमाणपत्रही निघालं नाही. मुलीचा पॅन आणा."

"अहो, ती सव्वा वर्षाची आहे."

"लहान मुलांनाही मिळतो."

"मिळेल. पण वजावट मी मागितलीय, उत्पन्न माझं आहे."

"मग देणगी हिनं कशी दिली?"

"हेच आयकरवाले मला विचारतायत, काका."

आनंदरावांनी चष्म्यावरून वल्लरीकडे पाहिलं. ती त्यांचा शिक्का तोंडात घालायच्या बेतात होती. तनुजानं तो तिच्या हातून सोडवला आणि बँकेचं स्टेटमेंट पुढे ठेवलं. तारीख, रक्कम, संस्थेचं नाव, सगळं त्यात होतं.

"माझे करसल्लागार म्हणतात, नुसतं स्टेटमेंट पुरत नाही. तुम्ही विवरणपत्र सुधारून माझं नाव, माझा पॅन घाला. मग प्रमाणपत्र निघेल."

"त्याला सचिवांची डिजिटल सही लागते. ते गुरुवारी येतात."

"माझी मुदत बुधवारी संपते."

"मागच्या सोमवारी आला असतात, तर जमलं असतं."

"मागच्या सोमवारी मी आले होते. तुम्ही म्हणालात, वाढदिवसाच्या पावत्या वेगळ्या कपाटात असतात, किल्ली नाही."

आनंदरावांनी वही मिटली. मग त्यांनी फोन लावला. "साहेब, सहीचा पेनड्राइव्ह घेऊन येता का? एक बाई बसल्यात. उठणार नाहीत, असं वाटतं. शिवाय त्यांच्याबरोबर एक देणगीदार आहेत, त्या पुन्हा शिक्का खातायत."

सचिव संध्याकाळी आले. सुधारित विवरणपत्र भरलं गेलं. प्रमाणपत्र दुसऱ्या दिवशी दुपारी मेलवर आलं. देणगीदार म्हणून तनुजाचं नाव, तिचा पॅन, खाली प्रमाणपत्राचा क्रमांक. तिनं तीन वेळा आकडे पडताळले, मग आयकराच्या पोर्टलवर वजावट नाकारण्याच्या प्रस्तावापुढे 'असहमत' निवडलं, प्रमाणपत्र आणि स्टेटमेंट जोडलं आणि उत्तर पाठवलं. पोचपावती मिळाली. निर्णय कधी येईल, हे कुठंच लिहिलं नव्हतं.

संध्याकाळी सासरे म्हणाले, "पुढच्या वाढदिवसालाही देऊ हं, तिच्या नावानं."

"द्या," तनुजा म्हणाली, "पण पैसे तुमच्या खात्यातून आणि पावती तुमच्या नावानं. तिच्या नावानं जिलेबी वाटा. पावतीची ती काळजी घेत नाही."