चौथा विभाग

सोपानराव गद्रे यांनी पुण्याच्या एका दैनिकात पंधराएक वर्षं मुद्रितं तपासली, आणि चिंचवडच्या दुचाकींच्या कारखान्यातल्या कामगार संघटनेच्या कचेरीत आले तेव्हा आपली सगळी शिस्त बरोबर घेऊन आले. त्या दैनिकाचा नियम साधा होता. यादीतल्या शेवटच्या नावाआधी 'आणि' आला की त्याच्यापूर्वी स्वल्पविराम द्यायचा नाही. आंबे, केळी आणि पेरू. पेरूआधी कुणी स्वल्पविराम दिला की संपादक तो कागद तसाच फेकून द्यायचे. त्यामुळे 'आणि'पूर्वीचा स्वल्पविराम दिसला की सोपानरावांची पेन्सिल विचार न करता तिथे पोचायची. माणूस अंगावर बसलेली माशी झटकतो, तितक्याच सहज.

चौऱ्याहत्तर सालच्या वेतन कराराचं मुद्रित त्यांच्या हाती आलं तेव्हाही हेच झालं. चौदाव्या कलमात वकिलांनी लिहिलं होतं : 'फाउंड्री, पेंट शॉप, पॉलिशिंग व बफिंग, आणि पिकलिंग व प्लेटिंग या प्रत्येक विभागात एक मोठा एक्झॉस्ट पंखा बसवला जाईल.' सोपानरावांनी 'बफिंग'नंतरचा स्वल्पविराम उडवला. छापखान्याने त्याप्रमाणे खिळे जुळवले. छापलेल्या प्रतीवर कंपनीने सही केली, संघटनेने केली, दोन्हीकडच्या लोकांनी पेढे खाल्ले.

पावसाळा सरता सरता पंखे आले. तीनच आले. फाउंड्रीत एक बसला, पेंट शॉपमध्ये एक, आणि तिसरा बफिंगच्या, म्हणजे भाग घासून चकाकवण्याच्या हॉलमध्ये. कारखाना बघायला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांना तिथूनच नेत.

पिकलिंगची शेड मागे, भिंतीला लागून होती. हँडलबार आणि मडगार्डचे लोखंडी भाग प्लेटिंगकडे, म्हणजे क्रोमचा मुलामा देणाऱ्या टाक्यांकडे जाण्याआधी तिथे ॲसिडमध्ये बुडवून गंज काढायचा. त्या शेडचा मुकादम खंडू कांबळे भोसरीत भाड्याच्या खोलीत राहायचा. पंखे बसल्याच्या आठवड्यात तो संघटनेच्या कचेरीत आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "सोपानराव, आमचा पंखा कुठं हाय?"

"येईल की. करारात आहे तुमचा."

"कंपनी म्हनती न्हाई. पर्सोनेलच्या नानासाहेबांकडं गेलो हुतो. ते म्हनले, कागद वाच, त्यात तीनच विभाग हायेत. म्या वाचला. मला चार दिसत्यात. तुमी शिकल्यालं मानूस, तुमाला किती दिसत्यात?"

सोपानरावांनी पुस्तिका उघडली. 'फाउंड्री, पेंट शॉप, पॉलिशिंग व बफिंग आणि पिकलिंग व प्लेटिंग.' त्यांनी ते पुन्हा वाचलं. स्वल्पविराम दोन होते. 'व' होता, 'आणि' होता, पुन्हा 'व' होता, आणि या तिन्हींपैकी विभाग वेगळे करणारा कोणता आणि विभागाच्या नावातला कोणता, हे सांगायला वाक्यात एवढंसं चिन्हही उरलं नव्हतं. जे होतं ते त्यांनीच काढलं होतं.

"चारच आहेत, खंडू," ते म्हणाले. "पण वाक्यातली एक खूण गेली आहे. मीच काढली. दैनिकातल्या सवयीने."

खंडूने त्या ओळीवर बोट ठेवलं. बोलताना त्याच्या समोरच्या दातांच्या कडा दिसायच्या, झिजून पातळ झालेल्या, काचेसारख्या. ॲसिडच्या वाफेने दात असेच जातात, हे सोपानरावांना ऐकून माहीत होतं.

"अस्सं," खंडू म्हणाला. "कंपनीला इकत घ्यायला लागलं असतं, ते तुमी फुकट दिलं."

सोपानरावांनी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी ते अध्यक्ष दौलतराव शितोळे यांना घेऊन पर्सोनेल ऑफिसात गेले. नानासाहेब टेबलावर पुस्तिका उघडून बसलेच होते. पेन्सिलीचं टोक एकेका शब्दावर ठेवत त्यांनी वाचून दाखवलं, लहान मुलाला शिकवावं तसं.

"फाउंड्री. स्वल्पविराम. पेंट शॉप. स्वल्पविराम. पुढं सगळं एक. पॉलिशिंग व बफिंग आणि पिकलिंग व प्लेटिंग. क्रोमचं एकच काम आहे ते, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. तो एक विभाग, त्याला एक पंखा. बसवला."

"साहेब, मजकुरात बफिंगनंतर स्वल्पविराम होता," सोपानराव म्हणाले. "मुद्रितात मी काढला."

"सही तुमच्या छापलेल्या प्रतीवर आहे. तुम्ही काय काढलंत ते तुमच्या घरी."

"ठीक आहे. मग सुट्ट्यांचं कलम बघा." सोपानरावांनी पान उलटलं. "'प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन, स्वातंत्र्य दिन आणि गांधी जयंती.' दोनच स्वल्पविराम. तुमच्या मोजणीने सुट्ट्या तीन. पंधरा ऑगस्ट आणि गांधी जयंती मिळून एक. द्याल? हा माझा छापलेला कागद आहे, यात 'आणि'आधी कुठेच स्वल्पविराम नाही. मग चौदाव्या कलमातही तो नसण्यावरून काहीच ठरत नाही. ठरवायचं तर कारखान्याच्या दारांवरच्या पाट्यांवरून ठरवा. पॉलिशिंग व बफिंगचं दार वेगळं, पिकलिंग व प्लेटिंगचं वेगळं."

नानासाहेब हसले. वाईट वाटलं नसल्यासारखे, खरंच मजा आल्यासारखे.

"छान आहे. पण सुट्ट्या चार मिळतात हे सगळ्यांना माहीत आहे, कारण त्या पूर्वीपासून मिळतात. वाचताना माणूस असलेली गोष्टच वाचतो. पिकलिंगला आजवर कधी पंखा होता? नव्हता. मग कागदात तो कुणाला कसा दिसणार?"

सोपानरावांना त्यांच्या स्वच्छ नखांकडे पाहवेना. ते दौलतरावांकडे वळले. दौलतराव सुपारी कातरत होते. कातरता कातरता म्हणाले, "बघू, पुढच्या करारात घालू."

बाहेर आल्यावर सोपानरावांनी विचारलं, "अध्यक्ष, तुम्ही एक शब्द बोलला नाहीत."

"काय बोलू? बफिंगची माणसं दोनशेच्या वर. पिकलिंगची किती? दहा-बारा. त्यांची मतं मला बुडवत नाहीत की तारत नाहीत. आणि हे बघा, सोपानराव, पंखे तीनच आणायचे असं नानासाहेबांनी मला सहीआधीच सांगून ठेवलं होतं. बफिंगला नको म्हणालो असतो तर दोनशे माणसं पेटली असती. तुमच्या पेन्सिलीनं आम्हा दोघांचं काम सोपं केलं. मनाला लावून घेऊ नका."

त्यांनी सुपारीची खांडं पुढे केली. सोपानरावांनी हात मागे घेतला. इतकी वर्षं ते या माणसाची पत्रं लिहीत होते, भाषणं लिहीत होते. त्यांना आपल्या बोटांना काहीतरी चिकट लागल्यासारखं झालं.

त्या दुपारी ते पहिल्यांदाच पिकलिंगच्या शेडमध्ये गेले. कचेरीपासून ती जवळच होती, पण कधी जायची वेळ आली नव्हती, म्हणजे त्यांनी येऊ दिली नव्हती. दारातच वाफ नाकात घुसली, आंबट, धातूच्या चवीची, आणि घशात जाऊन बसली. डोळे पाण्याने भरले. टाकीवर पिवळसर धूर लोळत होता. पोरं तोंडाला ओले फडके बांधून हँडलबारच्या जुड्या आत सोडत होती, बाहेर काढत होती. कोपऱ्यात एकाच्या डब्यातली भाकरी उघडी पडली होती. त्यावरही तीच वाफ. सोपानरावांना ओकारी आली. ते बाहेर पळाले आणि भिंतीला हात टेकून उभे राहिले.

खंडू मागोमाग आला. "आत दोन मिन्टं थांबला तुमी."

"खंडू, नानासाहेब देणार नाहीत. आणि आपले अध्यक्ष त्यांच्या बाजूला आहेत. हे मी तुला सांगतो आहे हेही त्यांना आवडणार नाही."

"व्हय. ते म्हाईत हाय." खंडूने फडकं खाली ओढलं. "ह्ये बघा, आमी मानसं थोडी. पन आमच्या टाकीतनं निघाल्याबिगर एक बी हँडल म्होरं जात न्हाई. आमच्याबिगर क्रोम न्हाई, क्रोमबिगर गाडी न्हाई. आमी संप करत न्हाई. आमी फकस्त बसतो. ॲसिडचा वास सोसवत न्हाई म्हनून बाहीर बसतो. त्यात काय बेकायदा हाय, सांगा?"

सोपानरावांनी विचार केला. "कारण लेखी द्या. तब्येतीचं. मी मजकूर करतो."

"करा. पन ह्या येळंला खुना नीट घाला, राव."

ते हसले, खंडूही हसला, पण हसण्यात काही गोड नव्हतं.

पिकलिंगची माणसं अर्ज देऊन बाहेर बसली आणि दोन दिवसांत सगळं थांबलं. बफिंगच्या हॉलमध्ये चकाचक करून पिकलिंगकडे पाठवायचे भाग छातीइतके रचले गेले, आणखी ठेवायला जागा उरली नाही. पंखा मिळालेली बफिंगची माणसं रिकामी बसली, त्यांचा ओव्हरटाइम बुडाला, आणि त्यांनी दौलतरावांना घेरलं. आता त्यांच्या मतांची काळजी करायची वेळ आली. दौलतराव नानासाहेबांकडे धावले. तिसऱ्या दिवशी पंखा आला, ट्रकमधून, खोक्यासकट. सोबत एक परिपत्रक : 'विशेष बाब म्हणून, कामगारांच्या हिताचा विचार करून, व्यवस्थापन पिकलिंग विभागास पंखा देत आहे.'

दौलतराव नारळ घेऊन आले होते. "चला, फोडा. काम सुरू करा."

सोपानरावांनी परिपत्रक वाचून खंडूच्या हातात दिलं. "विशेष बाब म्हणजे मेहेरबानी. मेहेरबानी कधीही काढून घेता येते. कलम दुरुस्त झाल्याशिवाय हा पंखा तुमचा नाही."

"तुम्ही गप्प बसा हो!" दौलतराव ओरडले. "पंखा आला ना दारात? तुम्ही संघटनेचं खाता, का यांचं?"

खंडू खोक्यावरच बसला. "आमी उठत न्हाई, अध्यक्ष. कागद आना."

नानासाहेब शेडपर्यंत आले, पण दारापासून वीस पावलं लांबच थांबले. तोंडाला रुमाल लावून त्यांनी सोपानरावांना खुणेने बोलावलं.

"काय पाहिजे लिहून?"

सोपानरावांनी शर्टाच्या खिशातून कागद काढला. त्यावर रात्रीच लिहिलं होतं, या वेळी स्वल्पविरामावर काहीच सोडलं नव्हतं. चारही विभाग अर्धविरामांनी वेगळे केले होते, जेणेकरून नावाच्या आतला 'व' आत राहील आणि बाहेरचा 'आणि' बाहेर : 'फाउंड्री; पेंट शॉप; पॉलिशिंग व बफिंग; आणि पिकलिंग व प्लेटिंग; या चार विभागांपैकी प्रत्येकात एक.'

"'चार' पण लिहिलंत. अर्धविराम असताना चार कशाला?" नानासाहेब रुमालाआडून म्हणाले.

"साहेब, अर्धविराम वाचणाऱ्यासाठी. 'चार' तुमच्यासाठी."

नानासाहेबांनी सही केली. दौलतरावांनी केली. त्यांचा हात पानाच्या काताने लाल झाला होता आणि सहीवर डाग पडला. सही झाल्यावर ते सोपानरावांच्या कानाशी येऊन म्हणाले, "उद्यापासून कचेरीत येऊ नका."

"येणारच नव्हतो," सोपानराव म्हणाले.

खंडू खोक्यावरून उठला. पोरांनी फळ्या उचकटायला सुरुवात केली. नारळ तसाच दारात पडून होता, तो कुणी फोडला नाही. संध्याकाळी पंखा फिरला तेव्हा शेडमधला पिवळा धूर भिंतीच्या भोकातून बाहेर निघाला आणि वाऱ्याबरोबर पर्सोनेल ऑफिसाच्या खिडक्यांकडे सरकला. आतून कुणीतरी खिडक्या धडाधड लावून घेतल्या.

सोपानरावांनी ते पाहिलं. त्यांना आनंद झाला नाही. घशातली ती आंबट चव अजून तशीच होती. कासारवाडीला घरी पोचून जेवायला बसले तरी गेली नाही, आणि त्यांनी ताट तसंच सरकवून दिलं.