रुपये कुणी निवडले?

अंधेरीच्या बँक ऑफिसात कार्डाच्या तक्रारी तपासणाऱ्या नमिताचा कुणावरच विश्वास नव्हता. बँकॉकच्या एका दुकानाने चंदर तांडेलांचं बिल थाई चलनात, बाटमध्ये, न कापता रुपयांत कापलं होतं, तेही स्वतःच्या फुगवलेल्या दराने.

"मला कुणी विचारलंच नाही. मी फक्त पिन दाबला," चंदरकाका म्हणाले.

सगळे हेच म्हणतात. तिने दुकानाची पावती मागवून घेतली होती. त्यावर इंग्रजीत छापलं होतं, 'रुपये मी स्वतः निवडले', आणि खाली झोकदार इंग्रजी सही.

"मग ही सही कोणाची, काका?"

काकांनी कार्ड उलटं करून समोर ठेवलं. मागे मराठीत सही होती. तक्रारीच्या अर्जावरही तीच.

नमिताने दुकानावर पैसे परत मिळवण्याचा दावा लावला.

"इंग्रजी येत असतं," काका उठत म्हणाले, "तर पिन दाबण्याआधी मशीनवरचं वाचलं नसतं का गं?"