साहेबांनी पुसलं, होयबाने जपलं

ऑफिसात त्याचं खरं नाव फक्त पगारपत्रकात उरलं होतं. बाकी सगळे त्याला होयबा म्हणत, तेही तोंडावर, आणि त्याला त्यात काही गैर वाटत नसे. हुद्द्याने तो टीमचा उपप्रमुख. साहेबांनी ग्रुपवर काही टाकलं की दहा सेकंदांत त्याचा अंगठा तो मेसेज उजवीकडे ढकलायचा. साहेबांचे शब्द राखाडी चौकटीत वर, आणि खाली याचं उत्तर : "अगदी बरोबर, सर." साहेबांनी "उद्या एसी दुरुस्तीला माणूस येणार आहे" असं लिहिलं तरी अगदी बरोबर. चौकट नसली तर आपण नेमक्या कशाला मान डोलावली ते कळायचं नाही, म्हणून चौकट हवीच. खुशामतसुद्धा नेटकी करावी, असं त्याचं मत होतं.

गंमत म्हणजे ही मंडळी चॅटचं ॲपच बनवत. कंपन्यांना आपापसात निरोप धाडायला हे ॲप विकायचं, हाच धंदा. ऑफिसातही तेच वापरायचं, कारण आपलं पोर आपणच कडेवर घेतलं नाही तर दुसरं कोण घेणार?

मंगळवारी त्यांनी ॲपची नवी आवृत्ती बाजारात सोडली आणि निरोप दोन-दोन, तीन-तीनदा पोचायला लागले. एका वाहतूक कंपनीत तर एकच सूचना तीन वेळा गेली आणि एका गोदामापुढे तीन ट्रक येऊन उभे राहिले. कंपनीच्या मालकीणबाईंनी शुक्रवारी अकराला बैठक लावली. प्रश्न एकच : हे तपासल्याशिवाय कोणी सोडलं? ज्याने सोडलं, त्याने घरी जायचं.

खरं काय ते तिघांना ठाऊक होतं. सोमवारी टेस्टरबाई साहेबांच्या केबिनमध्ये आल्या होत्या. "निरोप दुप्पट जातायत. थांबवा," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. साहेब म्हणाले होते, "लेखी नोंदवत बसू नका, मी बघतो." त्यांनी बघितलं ते असं. केबिनमधला तिसरा माणूस होयबा. त्यानेही मान डोलावली होती. आधी बाईंच्या बोलण्याला आणि मग साहेबांच्या. बाई ॲप तपासण्याचं काम सहा वर्षं करत होत्या, आणि घरात मिळवत्या त्या एकट्याच.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे उघडून बसलेले असताना साहेबांनी होयबाला एक खाजगी निरोप लिहिला. लिहिला त्याला, पण टाकला टीमच्या ग्रुपवर. "उद्या मालकीणबाईंना सांगतो की टेस्टरने पास केलं म्हणून सोडलं. ती थांबवा म्हणत होती हे तुझ्या-माझ्यात ठेव."

होयबाच्या एका हातात चमचा होता. दुसऱ्या हाताने सवयीचं काम करून टाकलं. उजवीकडे ढकललं, चौकट आली, "अगदी बरोबर, सर," पाठवलं. निरोप कुठे आलाय हे बघायची त्याला गरजच वाटली नाही. साहेबांचं आहे एवढं पुरे.

वीस सेकंदांनी साहेबांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी मेसेज सगळ्यांसाठी पुसला आणि निवांतपणे ताक प्यायला घेतलं. ग्रुपवर ओळ उमटली : हा मेसेज काढून टाकला आहे. आणि तिच्या खाली, राखाडी चौकटीत, अक्षर न अक्षर शाबूत, साहेबांचा सगळा कट. त्याच्याखाली होयबाची पसंती.

एकेकाने डबा बाजूला सारून फोन बघितला. कोणी काही लिहिलं नाही. नऊ माणसांच्या ग्रुपवर इतकी शिस्त पूर्वी कधी दिसली नव्हती.

पाच मिनिटांत होयबा केबिनमध्ये उभा होता आणि साहेब त्याच्यावर खेकसत होते. "मी पुसलंय ना ते? मग दिसतंय कसं?"

"अगदी बरोबर, सर. दिसायला नको."

"अरे मूर्खा, दिसतंय!"

"हो सर, दिसतंय."

साहेब विक्री खात्यातून आलेले. तीन वर्षं ते हे ॲप लोकांना विकत होते, पण आत काय चालतं ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं. शेवटी प्रोग्रामरला बोलावलं. तो खुर्चीत बसला, आणि लपवायचा प्रयत्न न करता मजा घेऊ लागला.

"सर, तुम्हाला वाटतं ती चौकट म्हणजे खिडकी आहे. आत तुमचा जुना मेसेज दिसतो, तो पुसला की खिडकी रिकामी. तसं नाहीये. ती कात्रण आहे. यांनी उत्तर दिलं तेव्हा यांच्या फोनने तुमच्या शब्दांची नक्कल केली आणि स्वतःच्या पाकिटात, उत्तराबरोबर घालून सगळ्यांना पाठवली."

"पण मी सगळ्यांकडून काढून टाकलंय."

"तुम्ही काय केलंत सांगू का? सगळ्या फोनना एक हुकूम पाठवलात, की अमुक नंबरचा मेसेज पुसा. त्यांनी तो नंबर शोधला आणि पुसला. यांच्या उत्तराचा नंबर वेगळा. त्याच्यासाठी हुकूम आलाच नाही, मग फोन त्याला कशाला हात लावेल?"

"नक्कल ठेवायची अवदसा कोणाला आठवली?"

"ती सोय आहे सर. एखादा ग्रुपमध्ये नंतर आला, किंवा कोणाचा फोन बदलला आणि जुना मेसेज गेला, तरी उत्तर कशाला दिलंय ते कळायला हवं ना."

"मग सर्व्हरवरून काढा ते."

"सर्व्हरवरून पाकिटं कुलूप लावून जातात आणि पोचली की तिथून पुसली जातात. आपणच तशी जाहिरात करतो. तुम्हीच लिहिली आहे ती."

साहेबांनी टेबलावर बोटं वाजवली. "म्हणजे मेसेज पुसला की चौकटीही पुसल्या जातील, असं करता येत नाही?"

"येतं की. पुसायचा हुकूम आला की फोनने त्या नंबरकडे बोट दाखवणारी उत्तरंही शोधायची आणि त्यांच्यातली चौकट रिकामी करायची. पण ते नव्या आवृत्तीत येणार. ज्याने ती घेतली त्याच्याच फोनवर चालणार. आणि सोडण्याआधी टेस्टरबाईंना तपासावं लागणार." तो खुर्चीतून उठला. "बाईंनी गेल्या वर्षी ही अडचण नोंदवली होती, सर. तुम्ही 'याने कोणाचं काय अडतंय' असं लिहून ती बंद केलीत."

साहेबांचा चेहरा भाजलेल्या वांग्यासारखा झाला. प्रोग्रामरने जाता जाता उपाय सांगितला. ते उत्तर ज्याचं, त्यानेच ते पुसायचं. आपल्या ॲपमध्ये ग्रुपच्या ॲडमिनलाही दुसऱ्याचं पुसता येत नाही. आणि पाठवल्यापासून तासाभरातच. नंतर तेही जमत नाही.

"पूस," साहेब होयबाला म्हणाले. "अजून चाळीस मिनिटं आहेत."

होयबा फोन हातात धरून बाहेर आला. एरवी अशा कामाला त्याला चार सेकंद लागत. पण जिन्यापाशी त्याने ती चौकट पहिल्यांदाच नीट वाचली. आपण कशाला बरोबर म्हटलं, ते त्याला आत्ता कळत होतं. ठेवावं तर साहेब खाणार, पुसावं तर सगळ्या ग्रुपने वाचलेलंच आहे. इकडे आड, तिकडे विहीर.

टेस्टिंगच्या खोलीत टेस्टरबाई चौदा फोन ओळीने चार्जिंगला लावून बसल्या होत्या. त्याला बघून त्या उठल्या नाहीत.

"पुसायला सांगितलं असेल," त्या म्हणाल्या.

"तुमच्याकडे स्क्रीनशॉट असेलच ना?" त्याने आशेने विचारलं. असला तर आपण पुसलं काय आणि ठेवलं काय, एकच. सुंठीवाचून खोकला गेला.

"आहे. पण खोटे स्क्रीनशॉट कसे बनतात ते मी स्वतः नव्या पोरांना शिकवते, त्यामुळे त्यावर कोण विश्वास ठेवणार? आणि ती चौकटसुद्धा तुमच्या फोनने बांधलेली. एखाद्याने ॲपमध्ये खोडी केली तर चौकटीत हवं ते घालता येतं. एरवी चौकटीवर बोट ठेवलं की मूळ मेसेजवर जाता येतं, ताडून बघता येतं. आता तिथे नुसतं 'काढून टाकला आहे'." त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. "तेव्हा ती चौकट खरी की खोटी हे उद्या एकच माणूस सांगू शकतो. सोमवारी केबिनमध्येही तोच होता."

होयबा जिन्यावर जाऊन बसला. पुसायचं बटण तीन वेळा दाबायला गेला आणि तीन वेळा बोट मागे घेतलं. मग त्याने विचार केला, की विचार करून ठरवू. विचार करण्याचा त्याला सराव नव्हता, त्यामुळे वेळ फार गेला. तास उलटला आणि बटणच नाहीसं झालं. ऑफिसात बातमी पसरली : होयबाने साहेबांचं ऐकलं नाही. प्रोग्रामरने त्याच्या पाठीवर थाप मारली. घरी बायकोने सगळं ऐकून त्याच्याकडे असं पाहिलं, जसं लग्नानंतर कधी पाहिलं नव्हतं. त्याने कोणाचाच गैरसमज दूर केला नाही.

शुक्रवारी अकराला मालकीणबाई लांब टेबलाच्या टोकाला बसल्या. त्यांच्यापुढे टेस्टरबाईंनी दिलेली ग्रुपची पानं छापून ठेवलेली. साहेब रात्रभर तयारी करून आले होते. आदल्या दुपारी काही समजलं नसेल, पण हे त्यांना बरोबर समजलं होतं.

"मी 'बैठक अकराला' एवढंच लिहिलं होतं," ते म्हणाले. "चुकून या ग्रुपवर गेलं म्हणून पुसलं. चौकटीतला मजकूर माझा नाहीच. चौकट याच्या फोनने तयार केलेली. काय घातलं असेल ते यालाच माहीत. माझी खुर्ची हवी असेल."

होयबाच्या कानशिलात भडकावल्यासारखं झालं. इतकी वर्षं ज्यांची री ओढली, त्यांनी एका वाक्यात बळीचा बकरा केला.

मालकीणबाईंनी चष्मा सारखा केला आणि कागदावर बोट ठेवलं. "हे साहेबांनीच लिहिलं होतं ना? आणि सोमवारी टेस्टरबाईंनी थांबवा म्हटलं होतं. खरं ना?"

होयबाने साहेबांकडे बघितलं. मग मालकीणबाईंकडे. मालकीणबाईंची खुर्ची जास्त उंच होती.

"हो, बाई," तो म्हणाला. "खरं आहे."

दुपारपर्यंत साहेबांचं टेबल रिकामं झालं. टेस्टरबाईंची नोकरी राहिली. वर चौकटींची ती जुनी अडचण सोडवायचं कामही त्यांच्याकडे आलं. होयबा छाती काढून टेस्टिंगच्या खोलीत गेला. आभार मानतील, मग आपण "छे छे, त्यात काय" असं म्हणू, इथपर्यंत त्याने ठरवून ठेवलं होतं.

बाईंनी आभार मानले. मनापासून मानले. मग हातातला फोन खाली ठेवून म्हणाल्या, "एक विचारू? रागावू नका. मालकीणबाईंनी उलटं विचारलं असतं, 'हे सगळं खोटं ना?' असं, तर तुम्ही काय म्हणाला असतात?"

होयबाने तोंड उघडलं. उत्तर जिभेवर तयार होतं, आणि ते कोणतं हे दोघांनाही माहीत होतं. त्याला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली. ते उत्तर गिळून त्याने तोंड मिटलं.