उजव्या मोहरीवरचा डाग

पुढचं दार सताड उघडं असताना मागच्या दाराने घरात येणारा माणूस एक तर चोर असतो, नाही तर माझे सासरे. त्या रविवारी सकाळी एर्मेस मागच्या दाराने आले, भिंतीला पाठ घासत, खेकड्यासारखे आडवे. मी स्वयंपाकघरात होते.

"वळा," मी म्हटलं.

"कशाला?"

"बाबा, वळा."

ते वळले. पांढऱ्या सुती शर्टावर, पोटाच्या जरा वर, चार काळी बोटं उमटली होती. आणि सायीच्या रंगाच्या नव्या पँटच्या उजव्या मोहरीवर, आतल्या बाजूला, सायकलच्या चेनच्या कड्या मोजता येतील असा काळा पट्टा.

"सायकल चालवलीत."

"नदीच्या बांधावरून एक फेरी मारली. एकच. झाडांना मोहर आलाय, लोरेत्ता, वास असा की..."

"वास राहू द्या. आणि हे शर्टाचं?"

"चेन पडली. बसवली. हात पुसला." स्वतःच्याच पोटाकडे त्यांनी असं पाहिलं, जणू ते दुसऱ्या कुणाचं तरी असावं. "सवय."

एप्रिलमध्ये ते चालत्या सायकलवर चक्कर येऊन पडले होते. भुवईवर टाके पडले, सायकलचं चेनकव्हर मोडलं. डॉक्टरांनी सायकल बंद केली, आणि माझी नणंद मोरेना हिने त्यावर शिक्का मारला: "बाबा, परत एकदा जरी सीटवर बसलास, तर तू माझ्याकडे बोलोन्याला. पाचवा मजला, लिफ्ट आहे, गच्ची आहे, तक्रार चालणार नाही." मोरेना बोलते तसं करते. आणि एर्मेस या घरात जन्मले, याच अंगणात त्यांनी स्वतःच्या लग्नाचं जेवण घातलं. पाचव्या मजल्यावर हा माणूस हिवाळ्यापर्यंतही टिकला नसता, हे मला माहीत होतं. मोरेनाला नव्हतं.

त्या दिवशी मोरेनाच्या नातीचा बाप्तिस्मा होता. ती गाडी घेऊन आम्हाला न्यायला येणार होती. आणि ते कपडे तिनेच घेतलेले.

"दुसरी पँट घालतो," एर्मेस म्हणाले.

"आणि ती विचारेल, माझी कुठाय? मग काय सांगाल, कपाटाने खाल्ली? काढा सगळं."

मी शर्ट टेबलावर पसरून मागे वळले, तेवढ्यात एर्मेस नळाखाली पँट धरायला निघालेले.

"पाणी नको!" मी इतकी ओरडले की शेजारचं कुत्रं भुंकलं. "आधी पाणी लावलं तर साबण तेलापर्यंत नीट पोचणार कसा?"

ते अंडरवेअर आणि मोज्यांवर, शाळेत उभं केलेल्या मुलासारखे खुर्चीपाशी उभे राहिले. मी त्यांना माझा फुलांचा एप्रन दिला.

शर्टावरचं ग्रीस ताजं होतं, जाड. चमच्याच्या कडेने ते वरच्या वर खरवडून घेतलं. घासलं की ते धाग्यात उतरतं, म्हणून घासायचं नाही. मग कोरड्याच कापडावर भांड्यांचा पातळ साबण, बोटाने गोल गोल. पँटचं मात्र अवघड. चेनचं तेल नुसतं तेल नसतं, त्यात झिजलेल्या लोखंडाची पूड असते, ती काळी. डब्यातून पावात घालायची डुकराची चरबी घेतली आणि त्या काळ्या पट्ट्यावर चोळली.

"डागावर चरबी?" एर्मेस म्हणाले. "तू माझ्या बाजूने आहेस ना?"

"तेलाला तेलच सैल करतं. जरा गप्प बसा."

चरबी काळी झाली. खाली जुना टॉवेल ठेवला, पँट उलटी केली, मागच्या बाजूने साबण लावून दातांच्या ब्रशने हलके हलके ठोकत राहिले, म्हणजे घाण आली त्याच वाटेने टॉवेलवर उतरावी. टॉवेल सरकवायचा, परत ठोकायचं. मग कापडाला सोसेल तेवढं गरम पाणी. शर्ट पहिल्याच वेळी स्वच्छ झाला. पँटचा पट्टा करडा झाला. पुन्हा साबण. पुन्हा पाणी. आता काही दिसेना.

"निघाला! दे, इस्त्री करतो," एर्मेसनी हात पुढे केला.

"ओल्या कापडावर तेल लपतं. वाळल्यावर दिसतं. आणि तोवर इस्त्री फिरवली असेल तर डाग जन्माचा."

टॉवेलात गुंडाळून पिळलं, अंगणात दोरीवर टाकलं, वारा होता. मी पँटजवळ उभी राहिले, जणू ती उडून जाणार होती. शर्ट वाळला. पँट बरीचशी वाळली, मोहरी सोडून. मोहरीला दुहेरी दुमड असते, ती वाळता वाळत नाही.

तेवढ्यात गाडीचं दार आपटलं.

मोरेना निळ्या रेशमी कपड्यांत, उंच टाचांवर अंगणात आली. तिने आधी वडिलांचा एप्रन पाहिला, मग दोरी.

"हे काय? बाप्तिस्मा आहे की नाटक?"

"कॉफी सांडली," मी म्हटलं.

"कॉफी." तिने पँट हातात घेतली. "उजव्या पायावरच? घोट्याजवळ? आतल्या बाजूला?"

फेर्रारा हे आमचं सायकलींचं शहर; इथे वाढलेल्या बाईला चेनचा डाग कोण शिकवणार?

"मी सायकल नुसती ढकलत नेली," एर्मेस घाईघाईने म्हणाले. "चालत. पाव आणायला."

"कुठल्या बाजूने ढकललीस, बाबा?"

इथे कुणीही सायकल डाव्या बाजूनेच धरून चालतो, आणि चेन असते उजवीकडे, पलीकडे. ढकलणाऱ्याच्या उजव्या पायाला ती लागूच शकत नाही. एर्मेसना हे सत्तर वर्षं माहीत होतं, फक्त आत्ताच ते विसरले होते.

"सामान भर," मोरेना म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "मी तुला रस्त्यात पडलेला बघायला येणार नाही. मला ते जमणार नाही."

"मोरेना, आज नको," मी म्हटलं.

"मग कधी? तो मेल्यावर?"

एर्मेसनी एप्रनची गाठ चाचपली. मग म्हणाले, "मला बघायचं होतं, अजून येतं का."

"आणि?"

"येतं. पण चेन पडली तेव्हा खाली वाकलो, आणि डोळ्यापुढे अंधारी आली. कट्ट्यावर बसून राहिलो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हे मलाही त्यांनी सांगितलं नव्हतं.

मोरेना खाली बसली, रेशमी कपड्यांसकट, पायरीवर.

एर्मेस एप्रनसकट शेडमध्ये गेले. आम्हाला वाटलं, रुसले. ते पकड घेऊन बाहेर आले, सायकल भिंतीला टेकवली आणि चेनची जोडकडी शोधत पॅडल फिरवू लागले. क्लिप निघाली. चेन सापासारखी खाली गळाली. ती त्यांनी दोन बोटांत धरून लेकीपुढे लांब केली.

"ही तू ने. सायकल मला ठेव. हिला धरून मी पावाला चालत जाईन. काठी घेऊन चालणारा म्हातारा दिसायचं नाही मला."

मोरेना चेनकडे बघत राहिली.

"दुसरी विकत आणशील."

"आणली तर उजवा पाय बघ."

ती हसली नाही. पण उठली, चेन वर्तमानपत्रात गुंडाळली आणि गाडीच्या डिकीत टाकून आली. मग दोरीवरची मोहरी उजेडाकडे धरली, नखाने दुमड उलगडली.

"इथे राहिलंय, लोरेत्ता. शिवणीत. साबण कुठाय?"

"सिंकपाशी. आधी कोरडी कर."

"माहितीये," ती म्हणाली, आणि बाह्या वर सारत आत गेली.