बारा दातांचं पिनियन

भनपुरीतल्या आमच्या वर्कशॉपात गिअरचे दात कापायचं मशीन एकच, आणि ते चालवणारे श्यामरावही एकच. एकतीस वर्षं. तरी मी त्यांना मशीनवरून उठवलं, तेही चहाच्या वेळी, सगळ्यांसमोर.

कारण साधं होतं. सिलतऱ्याच्या एका कारखान्याला आम्ही बारा दातांची दोन पिनियनं, म्हणजे जोडीतले लहान गिअर, करून दिली आणि दोन्हींचे दात मुळातून तुटले. "हात थरथरते तुमचा, काका. उद्यापासून ड्रिलवर बसा," मी म्हणाले. माझी जीभ आधी धावते आणि अक्कल मागून लंगडत येते, हे घरचे सांगतातच. श्यामराव एवढंच म्हणाले, "दीदी, ब्लँक लहान वाटून राहिला होता मले."

ब्लँक म्हणजे दात कापण्याआधीची गोल चकती. तिचा हिशेब मी सांगितला होता: बारात दोन मिळवा, आठ मॉड्यूलनं, म्हणजे दाताच्या मापानं, गुणा, बाहेरचा व्यास एकशेबारा. हिशेब चुकत नाही.

तिसरं पिनियन मी स्वतः कापलं. दात पूर्ण झाले आणि मी ते उजेडात धरलं. प्रत्येक दात मुळाशी आत खरवडलेला, डोकं जाड आणि कंबर बारीक. वीस अंशाच्या कटरनं सतरापेक्षा कमी दात नुसते कापले, की कटरचं टोक दाताच्या मुळाखालचं लोखंड खाऊन टाकतं. डिप्लोमात मी हे पाठ केलं होतं. कारखान्यानं नमुना म्हणून दिलेलं जुनं पिनियन शेजारी ठेवलं, तर त्याची मुळं भरलेली होती.

टेबलावरची मापांची वही उघडली. नमुन्याचा व्यास श्यामरावांनी लिहिला होता, ११६.८. त्यावर रेघ मारून ११२ केलेलं अक्षर माझं होतं. जुनं पिनियन बनवणाऱ्या कंपनीनं व्यास ४.८ मिलिमीटर जास्त धरून, कटर मुद्दाम त्याच्या निम्मं, २.४ मिलिमीटर बाहेर ठेवून दात कापले होते, म्हणून मुळं वाचली होती. मी ती चूक समजून 'सुधारली'.

कारखान्यातल्या सौमित्रला फोन करून जोडीचा साठ दातांचा गिअर मोजायला लावला. "दीदी, चार सौ इक्यानवे पॉइंट दो." ४९१.२. हिशेबानं ४९६ हवा. म्हणजे त्याचे दात तेवढेच आत घेतलेले. दोन शाफ्टमधलं अंतर तसंच राहतं.

चहाच्या वेळी, सगळ्यांसमोरच, मी म्हणाले, "काका, चूक माझी होती. तुमचा हात चांगलाच आहे." बोलताना मान वर होत नव्हती.

श्यामरावांनी मशीन लावलं. ब्लँक ११६.८, कटर २.४ बाहेर. संध्याकाळी पिनियन टेबलावर होतं, मुळं भरलेली.

हात पुसत ते म्हणाले, "राग नाही मले. पण सोमवारपासून सिलतऱ्याच्या दुसऱ्या वर्कशॉपात जाऊन राहिलो. त्याईले शब्द देऊन बसलो."

"काका, काहून?"

"पंधरा दिवस ड्रिलवर बसलो, दीदी. वही तर टेबलावरच होती."